चौदा हजार एकशे अडतीस पोती

गेल्या पावसाळ्यात तपासलेल्या एका उत्तराची आठवण अजून जात नाही. डिप्लोमा सिव्हिलच्या पोरांना मी वर्गात एक साधं गणित घातलं होतं. खोलीचा स्लॅब ४.३५ मीटर बाय ३.२५ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर, काँक्रीट एम-२०. घनमीटरला आठ पोती सिमेंट धरा आणि एकूण पोती काढा. बाहेर कोल्हापुरी पाऊस, म्हणजे आठ दिवस थांबलेला नव्हताच. वर्गात ओल्या रेनकोटांचा वास आणि पंख्याखाली वाळत घातलेल्या छत्र्या. एका पोराची वही हातात आली. अक्षर मोत्यासारखं, पायऱ्या नीट, उत्तराला खालून दुहेरी रेघ. स्लॅबचं घनफळ १७६७.१८७५ घनमीटर. गुणिले आठ, १४,१३७.५ पोती. आणि शेवटी, अर्धं पोतं विकत मिळत नाही याचं भान ठेवून, ‘पूर्णांकात १४,१३८ पोती’.

मी त्याला विचारलं, “अरे, एका खोलीला चौदा हजार पोती?” त्यानं खिशातून कॅल्क्युलेटर काढला, पुन्हा सगळं दाबलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. “मॅडम, तेवढंच येतंय की ओ.”

मला हसू आलं नाही. वर्गात हसले सगळे, पण ते मी हसेन म्हणून. नंतर बाकीच्या वह्या बघितल्या तर अजून चौघांचं उत्तर तेच. चूक किरकोळ होती. १२५ मिलिमीटरचे ०.१२५ मीटर करायचे राहिले होते, म्हणजे हजाराचा फरक. अशी चूक मीही केलेली आहे, कुणीही करेल. टोचलं ते पुढचं. ज्या पोराला अर्धं पोतं दुकानात मिळत नाही हे कळतं, त्याला एका खोलीवर चौदा हजार पोती ओतता येत नाहीत हे का कळू नये?

शिवाय ती खोली माझीच होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरावर एक खोली चढवली, तिचीच मापं मी गणितात घातली होती. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्री जिन्यात उभे राहून तंबाखू मळत होते. मी वही-पेन घेऊन वर गेले, शिकवायची सवय. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “ताई, पाच इंची स्लॅब हाय, शंभर फुटाला नऊ पोती. तुमची खोली दीडशे फूट. चौदा लागतील, पंधरा आणून ठेवा.” मी खाली येऊन गणित केलं. १.७६७ घनमीटर गुणिले आठ, १४.१४ पोती. वही मिटली.

नंतर मजा लक्षात आली. सव्वाशे मिलिमीटर म्हणजे मीटरचा बरोबर आठवा भाग, आणि घनमीटरला पोती आठ. आठानं भागायचं आणि आठानंच गुणायचं. म्हणजे या जाडीच्या स्लॅबला खोलीचे जेवढे चौरस मीटर तेवढी पोती. सवाचार बाय सवातीन, चौदाच्या आसपास. कागदसुद्धा लागत नाही. मिस्त्रींनी हे फुटांत पाठ केलेलं होतं, मला ते मीटरांत सापडायला एक स्लॅब पडावा लागला. अर्थात हा जुळून आलेला योग आहे. जाडी दीडशे झाली किंवा काँक्रीटचं प्रमाण बदललं की हिशोब हलतो. मिस्त्रींनाही ते माहीत असतं. म्हणून तर ते आधी ‘पाच इंची हाय’ म्हणाले आणि मग पोती सांगितली.

आमच्या विषयाचं नाव एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग. पोरं नुसतं ‘एस्टिमेट’ म्हणतात. मराठीत अंदाजपत्रक. ज्या विषयाच्या नावातच अंदाज आहे त्यात आम्ही वर्षभर अंदाज सोडून बाकी सगळं करतो. रकाने आखतो, लांबी-रुंदी-उंची भरतो, दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर काढतो. आसन्न किंमत पोरांना येत नाही असं नाही. पाचवी-सहावीपासून त्यांनी ती घोटलेली असते, पाच किंवा पाचाहून मोठा अंक आला की मागच्यात एक मिळवायचा. पण ते सगळं उत्तर आल्यावर. गणित संपलं की शेवटचा सोपस्कार, लग्नाच्या जेवणानंतरचा विडा. त्या पोरानंही तेच केलं होतं. राउंडिंग त्याला उत्तम येत होतं, फक्त ते चुकीच्या टोकाला होतं. कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधी त्यानं ४.३५ चे चार, ३.२५ चे साडेतीन केले असते तर चौदा हा आकडा डोक्यात तयार असता. मग पडद्यावर चौदा हजार उगवल्यावर काहीतरी खटकलं असतं. खटकायला आधी डोक्यात दुसरा आकडा लागतो. त्याच्या डोक्यात तो नव्हताच.

आप्पा आठवले. माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. शाळा सुटली की मी कधीकधी तिकडं जायचे. दुकानात पाऊल टाकलं की तो वास यायचा, गोड आणि किंचित करपट, पोत्यांच्या आणि माणसांच्या घामात मिसळलेला. चपला जमिनीला चिकटायच्या. आप्पा गादीवर मांडी घालून, समोर उतरती पेटी, कानाला पेन्सिल. हमाल रवे मोजून ओरडायचा, “दोनशे सतरा!” रवा तीस किलोचा. दर समजा सहाशे चाळीस. आप्पा पट्टीला हात लावायच्या आधी शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघून म्हणायचे, “बेचाळीस हजाराच्या आत-बाहेर हाय बघा तुमचं.” मग सावकाश आकडेमोड. पासष्ट क्विंटल दहा किलो, गुणिले सहाशे चाळीस, एकेचाळीस हजार सहाशे चौसष्ट. शेतकऱ्याचा चेहरा आधीच सैल झालेला असायचा. हमाली, तोलाई, अडत वजा व्हायची ती त्याच्या खाली.

मी एकदा विचारलं, आधी कसं कळतं? आप्पा म्हणाले, “पासष्टाचे सत्तर केले, सहाशे चाळिसाचे सहाशे. एक वर गेला, एक खाली आला. सात सक बेचाळीस.” आणि मग, जणू ही गोष्ट सांगायची राहूनच जात होती असं, म्हणाले, “दोन्ही खाली ओढायचे न्हाईत. दोन्ही वर बी न्हाई. एकानं खाल्लं ते दुसऱ्यानं भरून द्यायचं.” मी घरी येऊन करून बघितलं होतं. दोन्ही वर नेले तर सत्तर गुणिले सातशे, एकोणपन्नास हजार. दोन्ही खाली आणले तर साठ गुणिले सहाशे, छत्तीस हजार. खरा आकडा मधे, आणि आप्पांचा त्याच्या खांद्याला खांदा लावून.

शाळेतला पाचाचा नियम इथं कधी साथ देतो, कधी दगा देतो. खोली ३.४ बाय ४.४ असली तर नियमानं दोन्ही खालीच जातात, तीन चोक बारा. खरं क्षेत्रफळ जवळजवळ पंधरा. पाचवा हिस्सा हवेत गेला. अशा वेळी नियम मोडून एकाला वर ढकलायचं. तीन गुणिले पाच, पंधरा. पोरांना हे पचायला जड जातं. “मॅडम, चार पॉइंट चारचे पाच कसे करायचे? मार्क जातील की.” राउंडिंग म्हणजे एक बरोबर उत्तर असलेली गोष्ट, असं त्यांच्या मनात पक्कं बसलंय. हे राउंडिंग आपल्या सोयीसाठी आहे, ते कुणी तपासणार नाही, हे पटवायला मला दोन तास लागले. आणि भागाकारात हाच नियम उलटा होतो म्हटल्यावर वर्गानं माझ्याकडं फसवणूक झाल्यासारखं बघितलं. पण होतो खरा. २,६१० भागिले ३८ असेल तर दोन्ही एकाच दिशेनं, २,८०० भागिले ४०, सत्तर. खरं उत्तर ६८.७. वाटून घ्यायचं धान्य आणि घेणारी माणसं दोन्ही वाढली की वाट्याला येणारं फारसं हलत नाही.

आप्पांचे साहेब मात्र या सगळ्याला ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ म्हणून चिडवायचे. आपण हा शब्द नेहमी हिणवायलाच वापरतो. त्याचं मूळ मला फार उशिरा कळलं. जुन्या पाढ्यांत एकशेदहाला दाहोदरसे म्हणत. बावीस पंचे दाहोदरसे, हा बावीसच्या पाढ्यातला साधा टप्पा. त्यातला बावीस काढून तिथं ‘अंदाज’ बसवला की झाली थट्टा. पण नीट बघितलं तर त्या थट्टेतसुद्धा उत्तर पक्कं आहे, पाच पक्के आहेत, आणि अंदाज किती असायला हवा तेही त्यातच लपलंय. एवढा काटेकोर अंदाज आमच्या वर्गात मिळाला तर मी पेढे वाटीन.

तर त्या चौदा हजारांनंतर मी वहीत एक जास्तीचा रकाना पाडायला लावला. गणिताच्या डाव्या बाजूला ‘आधी’, उजव्या बाजूला ‘नंतर’. ‘आधी’त कॅल्क्युलेटरशिवाय काढलेला आकडा, पेननं, खाडाखोड न करता. पहिले पंधरा दिवस मी खूश होते. मग लक्षात आलं की सगळ्यांचे अंदाज फारच चांगले आहेत. १.७६७ च्या शेजारी ‘आधी’मध्ये १.८. ५३.२२ च्या शेजारी ५३. कुणाच्याही डोक्यातून असा अंदाज निघत नाही. डोक्यातला अंदाज पावणेदोन असतो, पन्नास असतो, गोल पोटाचा असतो. पोरं आधी कॅल्क्युलेटर दाबत होती, आलेलं उत्तर नीट आसन्न करून ‘आधी’त लिहीत होती. पुन्हा तेच, राउंडिंग शेवटी! मला राग यायला हवा होता. पण रिकाम्या रकान्याची भीती काय असते ते मलाही माहीत आहे.

मग मी कॅल्क्युलेटर टेबलावर गोळा करायला सुरुवात केली. तासाच्या सुरुवातीला दहा गणितं फळ्यावर, पाच मिनिटं, फक्त ‘आधी’. मग कॅल्क्युलेटर परत. आता अंदाज खरे येऊ लागले, म्हणजे ओबडधोबड. पण दुसरीच गोष्ट दिसली. पडद्यावरचा आकडा आणि स्वतःचा अंदाज जुळला नाही की पोरं निमूट अंदाजावर काट मारायची. काट मारू नका म्हणून सांगितलं होतं तरीही. यंत्र चुकलं असेल, म्हणजे आपण त्यात चुकीचं घातलं असेल, हा संशय एकाच्याही मनात येत नव्हता. १९८० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट रेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाजात हुशार म्हणून निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात मुद्दाम चुकीची उत्तरं देणारा कॅल्क्युलेटर दिला होता, आणि चूक हळूहळू वाढवत नेली होती. त्यातलेही बरेच जण गप्प राहिले. हे वाचल्यावर मला आमच्या पोरांचा थोडा कमी राग आला. निवडून काढलेली हुशार पोरंही यंत्रापुढं मान खाली घालतात, तर आमच्यांनी काय पाप केलं?

वळण आलं ते एका वेगळ्याच गणितात. ८४ किलोन्यूटनचं वजन ४ बाय ३ मीटरच्या पायावर आहे, चौरस मीटरला दाब किती? ‘आधी’ सगळ्यांचं सात, कारण बारा सत्ते चौऱ्याऐंशी. ‘नंतर’ मात्र निम्म्या वर्गाचं त्रेसष्ट. त्यांनी दाबलं होतं ८४ भागिले ४ गुणिले ३. यंत्रानं सांगितल्याप्रमाणं केलं, चारानं भागलं आणि तिनानं गुणलं. कंस त्यांनी डोक्यात ठेवला होता, यंत्राला दिलाच नव्हता. मी म्हटलं, काट मारू नका, दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि मोठ्याला छोट्यानं भागा. त्रेसष्ट भागिले सात, नऊ. नऊ कुठून आले? बराच वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “तीन तिरकं नऊ. तिनानं भागायचं होतं तिथं गुणलंय.”

त्या दिवशी वर्गाला काहीतरी सापडलं. अंदाज नुसता ‘चूक आहे’ एवढंच सांगत नाही, किती पट चूक आहे ते बघितलं की ती कुठून आली याचा मागही सापडतो. हजारपट असेल तर मिलिमीटरचे मीटर करायचे राहिले. दहापट असेल तर एखादं शून्य किंवा दशांश चिन्ह घसरलं. गोल टाकीत बरोबर चौपट आलं तर त्रिज्येच्या जागी व्यास गेला. हे कोष्टक म्हणून पाठ करू नका असं मी बजावलं, आणि अर्थातच त्यांनी दुसऱ्या दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं कोष्टक करून आणलं. त्या चौदा हजारवाल्यानं तर पोत्यांचे ट्रक केले. साडेतीनशे पोत्यांचा एक धरला तर चाळीस ट्रक, दहा-दहा मीटरचे, म्हणजे चारशे मीटर रांग. ही रांग बिंदू चौकातून मिरजकर तिकटीला पोचेल की नाही यावर उरलेला तास भांडणात गेला. मी ते थांबवलं नाही. तोही अंदाजच होता.

मला जे सांगायला आवडत नाही ते म्हणजे या सवयीची पोच. ४.३५ च्या जागी कुणी ४.५३ दाबलं तर अंदाजाला पत्ता लागत नाही. उत्तर १४.७ येतं, चौदाच्या शेजारीच बसतं. आप्पांनाही ते माहीत होतं. एकदा संध्याकाळी मेळ बसेना, अठरा रुपयांचा फरक. आप्पा म्हणाले, “अठरा नवानं जातंय, कुठंतरी आकडे उलटेपालटे झालेत.” आणि दहा मिनिटांत सापडलं, ४१,६६४ च्या जागी ४१,६४६ खतावलं होतं. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. म्हणजे त्यांच्याकडं दोन वेगळ्या चाळण्या होत्या. बेचाळीस हजारवाली मोठ्या भोकांची, तिच्यातून धोंडे अडायचे. बारीक खड्यांना दुसरी. मी पोरांना पहिली देऊ शकले. दुसरीसाठी त्यांना तेच गणित पुन्हा, उलट्या क्रमानं दाबायला सांगते, आणि ते कुणीही करत नाही.

गेल्या महिन्यात चाचणी झाली. एक प्रश्न गोल टाकीचा होता, व्यास १.१ मीटर, उंची १.४ मीटर, पाणी किती लिटर. त्याच पोराची वही. ‘आधी’मध्ये त्यानं आधी चौकोनी खोकं धरलं होतं, १.१ गुणिले १.१ गुणिले १.४, म्हणजे १.७ च्या आसपास. गोल टाकी चौकोनाच्या पाऊणपटीहून थोडी जास्त, म्हणून १,३०० लिटर. हे पाऊण मी शिकवलं नव्हतं. ‘नंतर’मध्ये ५,३२२ लिटर. आणि त्याच्या खाली घाईघाईत, ओळ तिरकी होत गेलेली, ‘चौपट आलंय. व्यास घातलाय वाटतं. १३३० यायला पायजे.’ तेवढ्यात घंटा झाली असावी. दुरुस्त केलेली पायरी नव्हती, दुहेरी रेघ नव्हती, उत्तराच्या जागी ५,३२२ तसंच.

मी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसले. शेजारच्या वहीत एकीनं १,३३०.४६ लिटर असं निर्दोष उत्तर लिहिलं होतं, ‘आधी’चा रकाना कोरा. तिला पाचपैकी पाच द्यावेच लागले. याला साडेतीन दिले. मग त्याची एकूण बेरीज केली तर साडेसतरा झाली, आणि तक्त्यात मार्क पूर्णांकात भरायचे असतात. अर्धा आला की वर ढकलायचा, नियमच आहे. मी अठरा लिहिले.